सभासद-यादीतून पद्धतशीर यादृच्छिक नमुना कसा काढावा

ग्रंथालयाच्या वाचकांचं सर्वेक्षण करायचं ठरलं की पहिला विचार येतो तो प्रश्नावलीचा गठ्ठा देवघेवीच्या टेबलावर ठेवून द्यायचा. येईल तो भरेल. पण रोज येणाऱ्या सभासदाला तो गठ्ठा महिन्यात पंचवीस वेळा दिसतो आणि दोन महिन्यांतून एकदा फिरकणाऱ्याला बहुधा दिसतच नाही. वर्गणी भरूनही जे येत नाहीत त्यांचं काय बिनसलं, हे तर कळायचा प्रश्नच उरत नाही. म्हणून माणसं निवडायची ती टेबलासमोरून नाही, यादीतून.

यादीतून निवडण्याची सगळ्यांत सुटसुटीत रीत म्हणजे पद्धतशीर यादृच्छिक नमुना. यादीला अनुक्रमांक द्यायचे, सुरुवातीचा एक आकडा नशिबावर सोडायचा आणि तिथून ठरावीक अंतराने पुढे जात राहायचं. अंतर आठ असेल आणि सुरुवात तीनवर झाली, तर ३, ११, १९, २७ असं यादीच्या टोकापर्यंत. हातानेही होतं, स्प्रेडशीटमध्ये तर पाच मिनिटांचं काम.

या सोपेपणात एक गोष्ट नजरेतून सुटते. या सगळ्या खटाटोपात यादृच्छिक अशी घटना एकच आहे: सुरुवातीचा आकडा. तो निघाला की बाकीची सगळी नावं त्याच क्षणी ठरतात. त्यामुळे तो काढण्याआधी यादी, तिचा क्रम आणि अंतर पक्कं झालेलं असलं पाहिजे, आणि तो काढल्यानंतर कुणी कशाला हात लावता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका अटीतून येतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा एका ग्रंथालयाच्या नोंदवहीत सभासद क्रमांक १ पासून ४८६० पर्यंत दिलेले आहेत. त्यांतले बरेच सोडून गेले, काहींची नावं दुबार आहेत. आज प्रत्यक्ष चालू असलेले सभासद आहेत २३४७.

पहिली पायरी: यादी स्वच्छ करा आणि नवे अनुक्रमांक द्या

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि जाऊ द्यावा.

आधी ठरवा की तुम्हाला कुणाबद्दल बोलायचं आहे. सभासदांची यादी म्हणजे ग्रंथालय वापरणाऱ्या सगळ्यांची यादी नव्हे. वाचनालयात येऊन फक्त वर्तमानपत्रं चाळणारा, किंवा अभ्यासिकेत बसणारा पण पुस्तक घरी न नेणारा माणूस या यादीत नसेल, तर तुमचे निष्कर्ष त्याला लागू होणार नाहीत. हे चालतं, फक्त अहवालात 'वाचक' न लिहिता 'सभासद' लिहायचं.

मग यादीतून तीन प्रकारच्या ओळी बाहेर काढा. सभासदत्व संपलेले, दुबार नोंदलेले आणि ज्यांची नोंद फक्त कार्यालयीन सोयीसाठी आहे असे (चाचणी खाती, कर्मचाऱ्यांची कार्डं वगैरे). दुबार नावांकडे विशेष लक्ष द्या. कार्ड हरवल्यावर ज्याला नवा क्रमांक दिला गेला आणि जुनाही तसाच राहिला, तो माणूस यादीत दोन ठिकाणी आहे, म्हणजे त्याची निवड होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट झाली. नाव, जन्मतारीख आणि दूरध्वनी क्रमांक या तीन रकान्यांवर यादी लावून पाहिली की असे जोड चटकन दिसतात.

आता महत्त्वाचं. उरलेल्या २३४७ ओळींना १ ते २३४७ असे नवे, सलग अनुक्रमांक द्या. मूळ सभासद क्रमांक तसाच वेगळ्या रकान्यात राहू द्या, पण निवड त्याच्यावरून करू नका.

हे का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मूळ क्रमांकावरूनच निवड करण्याचा मोह फार होतो. समजा कुणीतरी ४८६० ला २७९ ने भागलं, अंतर १७ धरलं, आणि नियम केला की क्रमांक रिकामा लागला तर त्याच्या पुढचा चालू सभासद घ्यायचा. नियम साळसूद दिसतो. पण नोंदवहीत १२०० ते १२३९ हे चाळीस सभासद एकाच वर्षी सोडून गेले असतील, तर १२४० क्रमांकाच्या सभासदाचं काय होईल? सतराच्या पावलांनी चाललात तर त्या चाळीसांच्या पट्ट्यात कुठे ना कुठे पाऊल पडणारच, आणि ते पडलं की निवड १२४० ची. सुरुवात कुठूनही करा, हा माणूस नमुन्यात असणारच. त्याच्या पलीकडे १२४१ वर असलेल्याला मात्र सतरातली एकच संधी. मोठ्या रिकाम्या पट्ट्यानंतर येणारा प्रत्येक सभासद असा हमखास निवडला जातो. सलग अनुक्रमांक दिले की हा प्रश्न उद्भवतच नाही.

स्प्रेडशीटमध्ये अनुक्रमांक सूत्राने तयार केले असतील तर लगेच ते मूल्य म्हणून पक्के करा. नाहीतर नंतर कुणी यादी वेगळ्या क्रमाने लावली की अनुक्रमांक आपोआप बदलतील आणि निवडलेल्या ६ क्रमांकावर दुसरंच नाव येऊन बसेल.

दुसरी पायरी: यादीचा क्रम ठरवा

पहिल्या पायरीतले अनुक्रमांक देण्याआधीच यादी एका क्रमाने लावून घ्यायची असते. तो क्रम कुठला? साध्या यादृच्छिक निवडीत, म्हणजे प्रत्येक नाव स्वतंत्रपणे चिठ्ठीने काढताना, क्रमाला काहीच अर्थ नसतो. पद्धतशीर निवडीत मात्र क्रमच अर्धं काम करतो, किंवा अर्धं काम बिघडवतो.

काम करतो तो असा. ज्या गोष्टीमुळे माणसांची उत्तरं वेगळी पडतील असं वाटतं, त्या गोष्टीनुसार यादी लावा. आपल्या उदाहरणात सभासद-प्रकारानुसार आणि प्रत्येक प्रकारात सभासद झाल्याच्या तारखेनुसार लावू. आधी ४१२ बालसभासद, मग ८९३ विद्यार्थी, मग ७१८ सर्वसाधारण, शेवटी ३२४ ज्येष्ठ. बेरीज २३४७. आता समान अंतराने पुढे जाताना प्रत्येक गटातून त्याच्या संख्येच्या प्रमाणातच नावं पडतात, कुणी वेगळी वाटणी न करता. गटाच्या आतही जुन्या आणि नव्या सभासदांना आपापला वाटा मिळतो.

याने किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. २७९ जणांचा नमुना घेतला तर ज्येष्ठांचा प्रमाणशीर वाटा सुमारे ३८.५ येतो. सगळी नावं चिठ्ठ्यांनी काढली असती तर ज्येष्ठ २८ निघू शकले असते किंवा ४९ सुद्धा; दोन्ही काही अघटित नाही. लावलेल्या यादीतून पद्धतशीर निवड केली तर ते ३८ किंवा ३९ निघणार, तिसरा पर्याय नाही.

बिघडवतो तो असा. यादीत एखादी गोष्ट ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल आणि तुमचं निवडीचं अंतर तिच्याशी जुळलं, तर नमुना पार एकांगी होतो. ग्रंथालयांच्या याद्यांत हे घडण्याची नेहमीची जागा म्हणजे कुटुंब-सभासदत्व. समजा प्रत्येक कुटुंबाच्या चार ओळी सलग आहेत: आई, वडील, थोरलं मूल, धाकटं मूल. अंतर आठ आणि सुरुवात तीनवर. ३, ११, १९, २७... प्रत्येक वेळी थोरलं मूलच. सुरुवात एकवर झाली तर सगळ्या आयाच. असा नमुना कागदावर अगदी नियमाप्रमाणे काढलेला असतो, पण त्यातून ग्रंथालयाबद्दल काहीही कळत नाही. सगळी कुटुंबं चौघांची नसतात म्हणून प्रत्यक्षात गोष्ट इतकी टोकाला जात नाही, पण नमुना एका बाजूला झुकायला तेवढीही गरज नसते.

म्हणून यादी लावून झाली की पहिल्या शंभरेक ओळींवरून नजर फिरवा. चार-चारच्या, दहा-दहाच्या, पानागणिक काही पुनरावृत्ती दिसते का? जुन्या हस्तलिखित नोंदवहीतून यादी उतरवली असेल तर प्रत्येक पानाची पहिली ओळ वेगळ्या प्रकारची आहे का तेही पाहा. काही दिसलं तर यादी दुसऱ्या एखाद्या रकान्यानुसार लावा. आपण प्रकार आणि तारखेनुसार लावली, तिथे कुटुंबं आपोआप विखुरली.

तिसरी पायरी: किती जण लागतील?

याचा हिशेब थोडक्यात. 'किती टक्के सभासदांना अमुक हवं' अशा प्रश्नाच्या उत्तरात साधारण ७ टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीला, म्हणजे असे शंभर नमुने काढले तर साधारण पंचाण्णवांत खरा आकडा त्या मर्यादेत यावा यासाठी, १९६ उत्तरं लागतात. ५ टक्क्यांची अचूकता हवी असेल तर तीच संख्या ३८४ वर जाते. यादी लहान असली की त्यात थोडी सूट मिळते. १९६ ला (१ + १९५ ÷ २३४७) ने भागा. उत्तर १८१.

पण १८१ उत्तरं हवीत म्हणून १८१ माणसं निवडून भागत नाही. सगळे उत्तर देत नाहीत. ६५ टक्के लोक देतील असा अंदाज असेल तर १८१ ला ०.६५ ने भागायचं. येतात २७९. ही वाढ आत्ताच करायची, नंतर माणसं कमी पडली म्हणून नाही. त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

चौथी पायरी: अंतर काढा आणि सुरुवात काढा

२३४७ भागिले २७९ म्हणजे ८.४१२. नवखा माणूस अडखळतो तो इथे, कारण पाठ्यपुस्तकात १००० जणांतून १०० निवडायचे असतात आणि अंतर छान दहा येतं. प्रत्यक्षात भागाकार कधीच पुरा जात नाही.

८.४१ चं ८ करून चालेल का? चालेल, एका अटीवर: यादीच्या टोकापर्यंत जायचं. ८ च्या अंतराने शेवटपर्यंत गेलात तर सुरुवातीनुसार २९३ किंवा २९४ नावं मिळतात, म्हणजे चौदा-पंधरा जास्त. तेवढ्या प्रश्नावल्या जास्त छापा आणि विषय सोडून द्या.

२७९ नावं झाली म्हणून थांबलात तर मात्र फसलात. सुरुवात १ ते ८ मधली कुठलीही असली तरी २७९ वं नाव अनुक्रमांक २२२५ ते २२३२ यांच्या दरम्यान येतं. म्हणजे २२३३ पासून २३४७ पर्यंतच्या ११५ सभासदांना निवडलं जाण्याची संधी शून्य. आणि हे ११५ कोण? यादी आपणच लावली आहे: शेवटी ज्येष्ठ, त्यांतही शेवटी अलीकडे सभासद झालेले. ३२४ ज्येष्ठांपैकी एक तृतीयांशाहून अधिक, आणि नेमके नवे आलेले, सर्वेक्षणातून गायब. 'नव्या ज्येष्ठ सभासदांना जिना चढणं जड जातं का' हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि उत्तर देणारं कुणी नसेल. ८.४१ चं ९ केलंत तर उलट होतं. यादी २६० किंवा २६१ नावांवरच संपते; त्यात कुणावर अन्याय नाही, पण माणसं कमी पडतात.

स्प्रेडशीट हाताशी असेल तर सरळ अपूर्णांकातलंच अंतर वापरावं असं माझं मत आहे. नेमकी २७९ नावं मिळतात आणि प्रत्येकाला अगदी सारखी संधी, २३४७ मध्ये २७९. रीत अशी: ० ते ८.४१२ यांच्यामधला एक दशांश आकडा यादृच्छिक काढायचा, त्यात अंतर मिळवत जायचं आणि प्रत्येक उत्तर वरच्या पूर्ण संख्येला न्यायचं.

```
B1: 2347
B2: 279
B3: =B1/B2
B4: =RAND()*B3
```

B4 मध्ये आकडा उमटला की तो लगेच कॉपी करून त्याच जागी 'फक्त मूल्य' म्हणून पेस्ट करा. हे विसरू नका. पानावर कुठेही काही बदललं की RAND() नवा आकडा देतो. सकाळी निघालेली नावं दुपारी बदललेली असतील. आकडा पक्का झाल्यावर D1 मध्ये पुढचं सूत्र लिहून D279 पर्यंत खाली ओढा.

```
=ROUNDUP($B$4+(ROW()-1)*$B$3,0)
```

इथे ROUNDUP च हवं. साधं ROUND वापरलं तर कधी कधी पहिलाच अनुक्रमांक शून्य येतो, आणि शून्य क्रमांकाचा सभासद नसतो.

समजा B4 मध्ये ५.६४ आला. मग रांग अशी बनते: ५.६४, १४.०५, २२.४६, ३०.८८, ३९.२९, ४७.७०... आणि वर नेल्यावर अनुक्रमांक मिळतात ६, १५, २३, ३१, ४०, ४८. पावलं कधी आठाची, कधी नवाची पडतात. तेच अपेक्षित आहे. शेवटचा, २७९ वा आकडा २३४४.२३ येतो, म्हणजे अनुक्रमांक २३४५. यादीच्या आतच. शेवटचा आकडा यादीच्या लांबीपेक्षा मोठा आला किंवा टोकापासून नऊहून जास्त दूर राहिला, तर कुठेतरी सूत्र चुकलं आहे असं समजा. बहुतेक वेळा $ ची खूण राहून गेलेली असते.

संगणक नसेल तर ८ चं अंतर घ्या आणि १ ते ८ आकड्यांच्या सारख्या कागदाच्या, सारख्या घड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एक काढा. 'मनात एक आकडा धर' असं कुणाला सांगू नका. माणूस मनात आकडा धरताना १ आणि ८ टाळतो, मधले धरतो. ते यादृच्छिक नव्हे. यादी समोर ठेवून तर मुळीच नको, कारण तिसऱ्या ओळीवर ओळखीचं नाव असलं की हात आपोआप तिकडे वळतो.

आकडा एकदाच काढायचा. निघालेली नावं पाहून 'यात तर समितीतलं कुणीच नाही' किंवा 'सगळे लांब राहणारे आलेत' म्हणून पुन्हा काढला, तर मग नमुना नशिबाने नाही, तुमच्या पसंतीने निवडला. म्हणून आकडा काढताना दुसरं एक माणूस हजर ठेवावं आणि आकडा, तारीख, वेळ एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. थोडा सरकारी थाट वाटतो खरा, पण तीन महिन्यांनी कुणी 'हीच माणसं का?' असं विचारलं की या कागदाचा उपयोग होतो.

निवड झाली की एक पडताळा घ्या. प्रत्येक गटातून किती आले ते मोजा आणि यादीशी ताडून पाहा. आपल्या उदाहरणात ४९ बालसभासद, १०६ विद्यार्थी, ८५ सर्वसाधारण आणि ३९ ज्येष्ठ आले. प्रमाणाने यायला हवे होते ४९.०, १०६.२, ८५.४ आणि ३८.५. हे जुळणारच होतं, कारण यादीच तशी लावली होती. खरी परीक्षा ज्या रकान्यानुसार यादी लावलेली नाही त्याची. यादीत स्त्रिया ४८ टक्के आणि नमुन्यात ४५ असतील तर ठीक. नमुन्यात ८० टक्के असतील तर यादीत लपलेली पुनरावृत्ती तुमच्या नजरेतून सुटली आहे. तेव्हा दुसरा आकडा काढून भागत नाही. यादीचा क्रम बदलायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं, तेही काय झालं होतं याची नोंद ठेवून.

पाचवी पायरी: निवडलेल्या माणसापर्यंत पोचा, शेजाऱ्यापर्यंत नाही

अनुक्रमांक २३ च्या सभासदाला तीनदा फोन केला, उचलला नाही. २४ क्रमांकाचा सभासद समोरच उभा आहे आणि प्रश्नावली भरायला तयार आहे. घ्यावा का? नाही.

कारण २४ क्रमांकाचा माणूस नमुन्यात आला तो यादीतल्या जागेमुळे नाही, तर सापडला आणि तयार झाला म्हणून. अशा दहा-वीस बदल्या झाल्या की नमुना पुन्हा टेबलासमोरच्या गठ्ठ्यासारखाच होतो, सहज भेटणाऱ्यांचा. वरून संख्या मात्र २७९ पुरी दिसते, त्यामुळे किती जण निसटले हेही लपून जातं. न सापडलेल्याला 'न सापडलेला' म्हणूनच नोंदवा. त्याच्यासाठीच तर १८१ चे २७९ केले होते.

त्याऐवजी ताकद पुन्हा पुन्हा विचारण्यात घाला. पहिलं पत्र किंवा संदेश, आठवड्याने आठवण, मग फोन, आणि शेवटी तो सभासद पुस्तक बदलायला आला की देवघेवीच्या टेबलावर त्याच्या नावाने बाजूला ठेवलेली प्रश्नावली. दिवस आणि वेळ बदलून प्रयत्न करा. सकाळी अकराला केलेल्या तीन फोनांची किंमत एकाच फोनाएवढी. बालसभासदांसाठी आधी पालकांची संमती घ्या, आणि उत्तर मुलाचं हवं की पालकांचं हे प्रश्नावलीवरच छापा.

प्रत्येक नावापुढे शेरा हवा: भरली, नकार, संपर्क झाला नाही, पत्ता चुकीचा, सभासदत्व संपलं होतं. शेवटचा शेरा वेगळा मोजायचा. तो उत्तर न देणारा नव्हे. तो यादीतच असायला नको होता.

उत्तरं आल्यावर

समजा २७९ पैकी १७८ प्रश्नावल्या परत आल्या. गटवार पाहिलं तर बालसभासद २८, विद्यार्थी ५५, सर्वसाधारण ६१ आणि ज्येष्ठ ३४. ज्येष्ठांपैकी ८७ टक्क्यांनी उत्तर दिलं, विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ५२ टक्क्यांनी. निवड प्रमाणशीर होती, पण हाती आलेले कागद आता प्रमाणशीर राहिले नाहीत.

प्रश्न होता, 'ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं असावं का?' हो म्हणणारे: बालसभासद १४, विद्यार्थी ४४, सर्वसाधारण ३४, ज्येष्ठ ८. एकूण १०० जण, १७८ पैकी, म्हणजे ५६ टक्के. पण या बेरजेत विद्यार्थ्यांचा आवाज आहे त्याहून लहान झाला आहे. म्हणून प्रत्येक गटाची टक्केवारी त्या गटाच्या यादीतल्या संख्येने गुणा. बालसभासद ५० टक्के म्हणजे ४१२ पैकी २०६. विद्यार्थी ८० टक्के, ८९३ पैकी ७१४. सर्वसाधारण ५६ टक्क्यांच्या आसपास, ७१८ पैकी ४००. ज्येष्ठ २३.५ टक्के, ३२४ पैकी ७६. बेरीज १३९६, भागिले २३४७: साडेएकोणसाठ टक्के.

तीन-साडेतीन टक्क्यांचा हा फरक केवळ कुणी किती उत्साहाने उत्तर दिलं यातून आला होता. प्रत्येक गटाला यादीतल्या संख्येएवढं वजन दिल्याने, म्हणजेच भारांकन केल्याने, तो भरून निघाला, पण एका मर्यादेपर्यंतच. उत्तर न दिलेले ५१ विद्यार्थी उत्तर दिलेल्या ५५ जणांसारखेच आहेत असं आपण यात धरून चाललो आहोत, आणि ते तपासायला साधन नाही. एक अंदाज मात्र घेता येतो. तिसऱ्या आठवणीनंतर उत्तर दिलेल्यांची उत्तरं पहिल्याच पत्राला उत्तर देणाऱ्यांपेक्षा फार वेगळी असतील, तर मुळीच न बोललेले आणखी वेगळे असण्याची शक्यता मोठी.

उत्तरापुढे किती टक्के इकडे-तिकडे लिहायचं, तर इथे साधारण ७. हा आकडा साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्राने काढलेला असतो आणि पद्धतशीर नमुन्यासाठी तो काटेकोरपणे सिद्ध करता येत नाही. कारण पुन्हा तेच: यादृच्छिक घटना एकदाच घडली. एका फाशावरून फासा किती डोलतो हे कसं सांगणार? यादी आपण लावली तशी अर्थपूर्ण क्रमाने लावलेली असेल तर खरी चूक या सूत्राहून सहसा कमीच असते, म्हणून ते वापरलं जातं.

ज्यांना एवढ्यावर समाधान नाही त्यांच्यासाठी एक चांगला तोडगा आहे. एकाच सुरुवातीने २७९ काढण्याऐवजी तीन वेगवेगळ्या सुरुवातींनी प्रत्येकी ९३ काढा. अंतर तिप्पट होतं, २३४७ भागिले ९३ म्हणजे २५.२४ च्या आसपास, आणि ० ते २५.२४ मधून तीन स्वतंत्र आकडे काढायचे. क्वचित एखादं नाव दोन रांगांत येईल, तेव्हा त्याची प्रश्नावली एकच, पण मोजणी दोन्हीकडे. मग 'रात्री नऊ'चं उत्तर तिन्ही रांगांचं वेगळं काढून शेजारी ठेवा. ५७, ६०, ६२ असं आलं तर निश्चिंत राहा. ४५, ६१, ७३ आलं तर एकाच रांगेवर विसंबून किती मोठी फसगत झाली असती ते दिसतं. एका सुरुवातीच्या नमुन्यात हे कधीच दिसत नाही, आणि कामही फार वाढत नाही. फक्त प्रत्येक प्रश्नावलीवर रांगेचा क्रमांक लिहावा लागतो.

अहवालात रीतीबद्दल चार ओळी पुरतात, पण त्यांत नेमके आकडे हवेत. आपल्या उदाहरणासाठी त्या अशा होतील: 'चालू सभासदांची यादी (२३४७) सभासद-प्रकार व प्रवेश-दिनांक या क्रमाने लावून सलग अनुक्रमांक दिले. ८.४१२ हे अंतर आणि ५.६४ ही यादृच्छिक सुरुवात घेऊन २७९ सभासद निवडले. निवडलेल्यांच्या जागी दुसरे घेतले नाहीत. १७८ जणांनी (६४ टक्के) उत्तर दिलं. टक्केवारी सभासद-प्रकारानुसार भारांकित आहे. अभ्यासिका व वर्तमानपत्र विभाग वापरणारे बिगर-सभासद यात नाहीत.'